मदत हवी आहे: हॉटेलकडे बिल थकलंय, रिमाइंडरची भाषा कशी चढवत न्यायची?

आगळवाली
आमचं घरचंच छोटं युनिट आहे रत्नागिरीजवळ, आगळ, कोकम सरबत आणि काजूगर. मी, आई आणि सीझनला कामाला येणाऱ्या बायका. गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलला १२ मेला माल दिला, बिल ३८,४०० चं, बिलावर खाली '१५ दिवसांत पेमेंट' असं छापलेलंच असतं, चलनावर त्यांच्या स्टोअरवाल्याची सही आहे. जूनमध्ये मॅनेजर म्हणाला आता पाऊस, गिऱ्हाईक नाही, थांबा जरा. मग गणपती झाले की देतो. गणपती झाले, आता दिवाळीचं बुकिंग लागलं की बघतो म्हणे, आणि त्याच फोनवर दिवाळीसाठी अजून तीस बाटल्या सरबत पाठवा हेही सांगून मोकळा!

आतापर्यंत व्हॉट्सॅपवर 'नमस्कार दादा, जमेल तेव्हा बिलाचं बघाल का 🙏' अशाच टाइपचे मेसेज गेलेत. निळ्या टिका येतात, अंगठा येतो, पैसे येत नाहीत. मॅनेजर माझ्या मामेभावाच्या वर्गातला, लग्नाकार्यात भेटणारा माणूस, त्यामुळे एकदम तोडून बोलायचं नाहीये. मालक मुंबईला असतात, त्यांच्याशी माझं कधी बोलणं नाही. तर गोडीपासून शेवटच्या नोटिशीपर्यंत पायऱ्या कशा करायच्या, मधे किती दिवस सोडायचे आणि शेवटच्यात नक्की काय लिहायचं?

गुहागरकर_७
गोडीबिडी सोडा. उद्यम नोंदणी आहे ना तुमची? मग छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, ते दिवस कधीच उलटून गेले. पहिलाच मेसेज कडक टाका, पैसे नाही आले तर पोलिसात जाते म्हणून, दुसऱ्या दिवशी येतात की नाही बघा.

दापोली_होमस्टे
आमच्याकडेपण हाच ताप, शनिवार-रविवारची रूम धरून ठेवतात आणि येतच नाहीत, फोन उचलत नाहीत. आम्ही आता निम्मे पैसे अॅडव्हान्स आल्याशिवाय बुकिंगच घेत नाही. तुम्ही पण अॅडव्हान्स घ्या, सगळी कटकट मिटेल.

आगळवाली
@दापोली_होमस्टे पुढच्या वेळेला घेईन हो, पण माल मे महिन्यातच गेलाय आणि सरबत पिऊनही झालंय लोकांचं :) @गुहागरकर उद्यम आहे, दोन वर्षांपूर्वीचंच.

खातेवही
चिपळूणला दुकानदारांचे आणि छोट्या कारखान्यांचे हिशोब लिहितो, वसुलीची पत्रं पण बरीच लिहिलीत, म्हणून जरा सविस्तर.

आधी पोलिसांचं काढून टाका. ही उधारी आहे, दिवाणी मामला. पोलीस म्हटलं की समोरच्याला कळतं की हिला पुढचं काही माहीत नाही. ४५ दिवस पण अर्धंच बरोबर. लेखी करार असेल तर करारातली मुदत धरतात आणि ती ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. तुमच्या बिलावर पण १५ च आहेत, म्हणजे कसंही बघितलं तरी २७ मे. उद्यम माल द्यायच्या आधीचं आहे हे फार बरं झालं, नंतर काढलेलं असतं तर या बिलाला उपयोग नव्हता. आणि तुम्ही स्वतः बनवता म्हणून चालतं, नुसता घेऊन विकणारा व्यापारी असता तर हे कलम मिळत नाही.

आता भाषेचं. तुमची अडचण माझ्या मते अशी की सगळे मेसेज अशा माणसाला गेलेत ज्याच्या हातात चेकबुक नाही. मॅनेजरवर कितीही आवाज चढवला तरी तो 'सांगतो साहेबांना' एवढंच म्हणणार, उलट नातं मात्र बिघडेल. मालकाला अजून एकही ओळ गेलेली नाही, त्यामुळे चार महिने उलटले असले तरी त्यांच्यासाठी पहिली पायरी गोडच पाहिजे. त्यांना ईमेल करा, त्यांच्या अकाउंट्सवाल्याला सोबत ठेवा आणि मॅनेजरला आधी फोन करून सांगा की आता कागद वर पाठवतेय, म्हणजे त्याला पाठीमागून केल्यासारखं वाटणार नाही. पहिलं असं:

'नमस्कार. १२ मेच्या मालाचं बिल, रु. ३८,४००, २७ मेला देय होतं. कदाचित आपल्यापर्यंत पोचलं नसेल, म्हणून बिल आणि सही झालेलं चलन सोबत जोडत आहे. मालाबद्दल किंवा रकमेबद्दल काही शंका असल्यास कळवा, नसल्यास पेमेंटची तारीख कळवावी.'

शंकेची ओळ काढू नका. मालाबद्दल हरकत घ्यायची तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी घ्यायची असते, ती मुदत गेलीच आहे, आणि आता विचारूनही काही आलं नाही तर पुढे 'सरबत आंबलं होतं' म्हणायला जागा राहत नाही. आणि ते 'बरोबर आहे, देतो' असं लेखी म्हणाले तर देणं मान्य केल्याचा कागदच झाला तो.

आगळवाली
हे छान आहे. दुसरं मी असं लिहू का? 'सर, परत त्रास देतेय, सॉरी, आमचंपण छोटं युनिट आहे, बायकांचा पगार द्यायचा आहे, प्लीज शक्य तितक्या लवकर बघा ना.'

खातेवही
सॉरी काढा, त्रास काढा, पगार काढा. तुमची अडचण सांगितली की तो मदत केल्यासारखे पाच हजार पाठवतो आणि विषय संपवतो. 'शक्य तितक्या लवकर'ला तर काही अर्थच नाही, तारीख घाला. आठवड्याने, दोनच वाक्यं: '२२ सप्टेंबरच्या ईमेलला उत्तर मिळालेलं नाही. रु. ३८,४०० सहा ऑक्टोबरपर्यंत जमा करावेत, पूर्ण शक्य नसल्यास हप्त्यांच्या तारखा लेखी कळवाव्यात.' हप्त्याची वाट उघडी ठेवायची, पावसाळ्यात तिकडच्या हॉटेलांचा गल्ला खरंच रिकामा असतो, ते काही खोटं नाही.

शेवटची नोटीस त्यानंतर, ईमेलने आणि स्पीड पोस्टने पण, पावती जपून ठेवा. त्यात राग नको, नाइलाजाने वगैरे पण नको:

'वरील बिलाचे रु. ३८,४०० दिनांक २७ मेपासून थकीत आहेत. २२ व २९ सप्टेंबरला लेखी कळवलं, हरकत आलेली नाही. २३ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण रक्कम जमा झाल्यास व्याजाची मागणी करणार नाही. न झाल्यास २४ ऑक्टोबरला एमएसएमई कायद्याखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे व्याजासह अर्ज करण्यात येईल.'

व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि महिन्याच्या चक्रवाढीने लागतं, ते सोडायची तयारी दाखवली की मालकाला तारीख पाळण्यात फायदा दिसतो. पण २४ ला खरंच अर्ज करणार असाल तरच ही तारीख लिहा. तारीख गेली आणि तुम्ही पुन्हा नमस्कार दादा केलंत तर संपलं. कौन्सिलमध्ये आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद, त्यात महिने जातात हेही धरून चाला.

गुहागरकर_७
आणि ते इन्कम टॅक्सचं? वेळेत पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्चच दाखवता येत नाही ना? ते टाका की नोटिशीत.

खातेवही
दाखवता येतो, पण ज्या वर्षी देतील त्या वर्षी. याच मार्चच्या आत दिले तर त्यांचं काहीच जात नाही, म्हणून ऑक्टोबरात ते शस्त्र बोथट आहे. फेब्रुवारीपर्यंत रखडलं तर त्यांच्या अकाउंट्सवाल्याला एक ओळ टाका, तो स्वतःच मालकाच्या मागे लागेल.

कुडाळचो_बाबलो
गो बाय, आपलेच पैशे मागूक लाज कसली? आणि ह्या दिवाळीच्या मालाचा काय करतलस? माझा मत, जुना बिल चुकता होयपर्यंत एक बाटली देव नको.

खातेवही
इथे माझं वेगळं मत. माल रोखीने द्या, गाडीतून उतरायच्या आधी यूपीआय. पूर्ण तोडलात तर ते दुसऱ्याकडून घेतील आणि तुमचं जुनं बिल देण्याची गरजच संपेल.

कुडाळचो_बाबलो
रोखीन नवीन घेतलो काय जुना तसाच रवता, बघितलेला हा मी. घाई लागलेली आसताना आडवल्याशिवाय देनत नाय.

आगळवाली
मॅनेजरला फोन केला, तो चक्क म्हणाला बरं झालं, मला पण साहेबांना सांगायला अवघड जात होतं. पहिलं ईमेल गेलं. अकाउंट्सवाल्याचं उत्तर आलं की बिलाची कॉपी त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती, पुढच्या पेमेंटच्या यादीत घेतो, तारीख काही दिली नाही. म्हणजे आता दुसऱ्या मेसेजला आठवडा थांबू की तारीख लगेच विचारू? आणि सरबताचं आईचं मत बाबल्यासारखंच आहे, माझं अजून ठरत नाहीये.

खातेवही
लगेच विचारा, त्याच ईमेलखाली: 'धन्यवाद, यादीचं पेमेंट कोणत्या तारखेला होतं?' एवढंच. आणि तो 'कॉपी आलीच नव्हती' म्हणाला ते ईमेल जपून ठेवा, आता मिळाली हे त्यात लेखी आलंय.