पहिलं खरं बिल निघेपर्यंत दुसरा विषय नको

> आमचं बिलिंग ॲप नव्याने घेतलेल्या दुकानदारांना सात दिवसांत सात ईमेल जातात, तरी बरेच जण त्यात पहिलं बिलसुद्धा करत नाहीत. काय बदलू?

दिवस मोजून मेल पाठवू नका, दुकानदार कुठे अडकलाय ते बघून पाठवा. जालन्याच्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी पहिल्याच संध्याकाळी ॲपमध्ये चाळीसेक खतं-औषधं भरली, जीएसटीसाठी लागणाऱ्या वस्तूच्या एचएसएन कोडपाशी थांबले, ते परत आलेच नाहीत. आमचा दुसरा मेल त्यांना साठ्याचा अहवाल शिकवत होता. चूक आमचीच.

आता वस्तू भरून बिल न केलेल्याला दुसऱ्या दिवशी रात्री, दुकान बंद झाल्यावर, एवढंच जातं: "एचएसएन जुन्या खरेदी बिलावर छापलेला असतो. एकाच वस्तूचा तिथून बघून टाका आणि उद्या पहिल्या रोखीच्या गिऱ्हाइकाचं बिल करा." किरकोळ गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर लागत नाही, हेही त्यात लिहितो. बटण थेट नव्या बिलाच्या पानावर उघडतं.

एक सांभाळा. "टेस्ट" नावाने एक रुपयाचं बिल सेव्ह झालं म्हणून काम झालं असं धरू नका. बिल छापलं किंवा व्हॉट्सॲपवर गेलं तरच मोजा, आणि त्याच क्षणी ही मालिका थांबवा. नाहीतर दहा बिलं केलेल्या माणसालाही "पहिलं बिल करा" असा मेल जातो, मग तो पुढचे मेल उघडतच नाही.