सत्यता सारणी न मांडता सममूल्यता सिद्ध करायची आहे, सराव कसा करू? (बजेट ३०० रुपये)

चोपडेकरीण
बीएस्सी कॉम्प्युटर, पहिलं वर्ष. पेपरात 'सत्यता सारणी न वापरता सिद्ध करा' असं स्पष्ट लिहून येतं आणि माझं घोडं तिथेच पेंड खातं. शोषण, वितरण, दुहेरी नकार, डी मॉर्गन सगळे नियम पाठ आहेत, पण कुठे कुठला लावायचा ते सुचत नाही. सध्या हे अडलंय:

∼(∼p ∧ ∼(p ∧ q)) ∨ (∼p ∧ q) ≡ p ∨ q

मी p ∨ (∼p ∧ q) पर्यंत आले. मैत्रीण म्हणते आता शोषण लाव, नुसता p उरेल. मग उजवीकडचा q कुठून आणू? पुस्तक किंवा पद्धत सुचवा, ३०० रुपयांच्या आत. क्लास नको, चोपड्याहून रोज जळगावला येणं जमणार नाही.

रिंगरोड_जळगाव
ताई, क्लासच लाव. माझ्या मुलाला लावला होता, ८,००० भरले, पण पोरगं सुटलं. ३०० रुपयांत काय येतं आजकाल? शनिवार-रविवारची बॅचही असते.

अमळनेरचा_पाटील
मैत्रीण बरोबर सांगतेय. बाहेर p, कंसात p आणि q, म्हणजे शोषण. उत्तर p. उजवी बाजू छापताना चुकली असणार, गाइडमध्ये अशा चुका ढिगाने असतात. मी गाइड घेतलं होतं, त्यात तर अख्खं पान उलटं बांधलेलं होतं.

धुळे_मास्तर
पाटील, गणित बरोबर आहे. कंसात p नाही, ∼p आहे, आणि सगळा फरक तिथेच आहे.

p ∨ (p ∧ q) बघा. p सत्य असेल तर सगळं सत्य. p असत्य असेल तर कंसही असत्य. म्हणजे q काहीही असो, त्याला बोलायला जागाच नाही, म्हणून तो गळतो. आता p ∨ (∼p ∧ q) घ्या. p असत्य झाला की ∼p सत्य होतो आणि कंसाची किंमत थेट q वर येते. p असत्य, q सत्य ठेवून बघा: डावीकडे सत्य मिळतं, नुसत्या p ला असत्य. एवढी एक ओळ पुरेशी आहे, शोषण इथे लागत नाही. बाहेरचं आणि कंसातलं अक्षर चिन्हासकट सारखं असेल तरच शोषण.

ताई, तुमचं पूर्ण गणित असं:

∼(∼p ∧ ∼(p ∧ q)) ∨ (∼p ∧ q)
≡ (∼∼p ∨ ∼∼(p ∧ q)) ∨ (∼p ∧ q) … डी मॉर्गन
≡ (p ∨ (p ∧ q)) ∨ (∼p ∧ q) … दुहेरी नकार
≡ p ∨ (∼p ∧ q) … शोषण
≡ (p ∨ ∼p) ∧ (p ∨ q) … वितरण
≡ T ∧ (p ∨ q) … पूरक
≡ p ∨ q … तटस्थ

तिसऱ्या पायरीत शोषण लागलं कारण तिथे p आणि p होते. चौथीत p आणि ∼p समोरासमोर आले, म्हणून वितरण. दोन्ही पायऱ्या दिसायला जवळजवळ सारख्या आहेत आणि मुलं तिथेच फसतात.

भुसावळ_सोल्डर
आम्ही सर्किटवाले हेच A + A'B = A + B असं लिहितो. पायऱ्या कशाला? के-मॅप काढा, गोल मारा, उत्तर हातात. मी आयटीआयनंतर सगळं त्यावरच केलं, एका बोर्डावरची दोन गेटं वाचवली होती.

धुळे_मास्तर
भाऊ, के-मॅप म्हणजे सत्यता सारणीच, फक्त चौकोनात मांडलेली. प्रश्नात नेमकी तीच नको म्हटलंय.

भुसावळ_सोल्डर
मांडणी वेगळी म्हणजे पद्धत वेगळी. माझं मत कायम.

शिरपूर_फाटा
सारणी चुकत असेल तर सोपी युक्ती: शेवटच्या अक्षराखाली सत्य-असत्य एकाआड एक, त्याच्या आधीच्याखाली दोन-दोन, त्याआधी चार-चार, सगळ्यात पहिल्याखाली आठ-आठ. चार अक्षरांच्या १६ ओळी बरोबर बसतात.

चोपडेकरीण
दादा, सारणी येते मला. सारणीशिवाय करायचंय.

नंदुरबारचा_वाचक
डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मले हे किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे हे नियम आपलेच.

अमळनेरचा_पाटील
जन्म इथला असला तरी लहानपणीच इंग्लंडला गेले. ते असो. मास्तर, पटलं चिन्हाचं. पण मग वितरण सगळीकडे लावत सुटलं तर शेवटी उत्तर येणारच ना?

धुळे_मास्तर
येईलही, पण पसारा वाढेल. (p ∨ q) ∧ (p ∨ r) ≡ p ∨ (q ∧ r) घ्या. कंस गुणत सुटलात तर p ∧ p, p ∧ r, q ∧ p, q ∧ r असे चार तुकडे पडतात. p ∧ p चा p होतो, मग दोनदा शोषण लावून मधले दोन गाळा, तेव्हा कुठे उत्तर. तेच वितरण उलटं वापरा, दोन्ही कंसांतला सामाईक p बाहेर काढा, एका पायरीत संपलं.

माझा क्रम असा: बाण असेल तर आधी तो काढा, p → q चा ∼p ∨ q करा. मग नकार आत ढकला, जोडीने आलेले नकार उडवा. मग शोषण शोधा, कारण त्याने राशी फक्त लहानच होते. वितरण शेवटी, तेही सामाईक काही बाहेर येत असेल किंवा p ला ∼p भेटत असेल तरच.

चाळीसगाव_लोकल
प्रत्येक पायरीपुढे नियमाचं नाव लिहा हो! माझं उत्तर अचूक होतं, तपासणाऱ्याने नावं नाहीत म्हणून ५ पैकी २ दिले. अजून डोक्यात आहे ते. आणि सुरुवात डाव्या बाजूनेच करा, उजवीला हात लावायचा नाही.

रिंगरोड_जळगाव
हेच क्लासमध्ये शिकवतात. नियमाचं नाव लिहा, डावीकडून सुरू करा. म्हणून म्हटलं क्लास.

एरंडोल_बीसीएस
ताई, हाई काम वहीवरच व्हस. पुस्तक घेऊ नको, सीनियरकडून जुन्या प्रश्नपत्रिका झेरॉक्स कर, ५० रुपयांत काम. एकच सांभाळ: पायऱ्या करून अडलीस म्हणजे दोन्ही बाजू सममूल्य नाहीत असं ठरत नाही. शंका आली की कच्च्या पानावर अक्षरांना किमती देऊन एखादी ओळ तपास. एका ओळीत जरी फरक निघाला तरी गणितच चुकीचं, मग पायऱ्यांत जीव काढू नको.

चोपडेकरीण
सगळ्यांचे आभार, मास्तरांच्या चौथ्या पायरीने गाठ सुटली. क्लास लावत नाही, प्रश्नपत्रिका आधीच आहेत. ३०० चे पुठ्ठ्याच्या बांधणीचे दोन मोठे रजिस्टर घेतेय. आणि मी डावीकडूनच करणार नाही. उजवीकडूनही उलट चालून बघितलं: p ∨ q ≡ T ∧ (p ∨ q) ≡ (p ∨ ∼p) ∧ (p ∨ q) ≡ p ∨ (∼p ∧ q). डावीकडून मी अडले होते ती हीच राशी! कच्च्या पानावर दोन्हीकडून येऊन मध्ये गाठ घालायची, हेच मला जमतंय.

चाळीसगाव_लोकल
मार्क कापतील, सांगून ठेवतो.

धुळे_मास्तर
प्रत्येक पायरीत ≡ आहे, त्यामुळे ती उलटही चालते. तर्कात चूक नाही. फक्त पक्कं लिहिताना उजवीकडच्या पायऱ्या उलट्या क्रमाने डावीकडच्यांखाली जोडा, म्हणजे एकच सरळ साखळी दिसेल.

चाळीसगाव_लोकल
तुम्ही तपासलात तर ठीक. माझा पेपर तुमच्याकडे आला नव्हता.