मदत हवी आहे: लॅन स्पर्धेत सगळ्या कॉम्प्युटरांची सेटिंग सारखी कशी करायची? (क्लबमध्ये बोलायचंय)

धागाकर्ता: आमच्या कॉलेजच्या गेमिंग क्लबात पुढच्या आठवड्यात लॅन स्पर्धा रास्तपणे कशी भरवावी यावर मला बोलायचं आहे. गेम क्वेक ३ अरीना. लॅबमधले निम्मे मॉनिटर 60 हर्ट्झचे आहेत, निम्मे 144 चे. सरावात काही पोरं म्हणतात की ठराविक कॉम्प्युटरवर उडी जास्त उंच जाते. हे मनाचे खेळ आहेत की खरंच काही आहे? आणि खरं असेल तर भाषणात दाखवू कसं?

रात्रपाळी: स्पर्धेआधी सगळ्यांचा एक सराव सामना घे आणि त्या गुणांवरून गट पाड. तगडे खेळाडू एकाच गटात आले की बाकीचे लगेच कंटाळतात.

धागाकर्ता: गटवारी झाली आहे हो. प्रश्न मशिनांचा आहे.

फ्रेममोजणी: पोरं बरोबर बोलतायत. या गेमच्या इंजिनात प्रत्येक फ्रेमला तुमचा वेग पूर्णांकात बदलला जातो. उडीचा सुरुवातीचा वेग 270 आणि गुरुत्व 800. 125 एफपीएसला एक फ्रेम 8 मिलिसेकंदांची, म्हणजे वेग 6.4 ने कमी व्हायला हवा, पण पूर्णांकामुळे तो फक्त 6 ने होतो. गुरुत्व जणू 750 च लागतं आणि उडी 48.6 युनिट जाते. 60 च्या आसपास फ्रेम 16 मिलिसेकंदांची. तिथे 12.8 चे 13 होतात आणि उडी 45 च्याही जराशी खालीच राहते. वर सर्व्हर प्रत्येकाची हालचाल त्याच्याच फ्रेमच्या लांबीने मोजतो, त्यामुळे हा फरक नुसता पडद्यावरचा नाही.

झपाटा: मग सोपं आहे की. मर्यादा काढून टाका, प्रत्येकाला जेवढे एफपीएस मिळतील तेवढे घेऊ द्या. जास्त एफपीएस म्हणजे जास्त फायदा.

फ्रेममोजणी: इथे नाही. 500 एफपीएसला फ्रेम 2 मिलिसेकंदांची, 1.6 चे 2 होतात, गुरुत्व 1000 झाल्यासारखं. उडी साडेछत्तीसवर येते. 333 ला मात्र 2.4 चे 2 होतात आणि उडी 125 पेक्षाही उंच. म्हणून आकडा सगळ्यांना एकच लागतो. नेहमीचा 125.

पेनड्राइव्हवाला: आम्ही एका मशिनवरची q3config.cfg सगळीकडे टाकायचो. पाच मिनिटांत काम फत्ते.

फ्रेममोजणी: अर्धं बरोबर. त्या फाइलीत प्रत्येकाच्या कळा आणि माऊसचा वेगही असतो, तो पुसला की पोरं अंगावर येतील. शिवाय गेम बंद करताना ती पुन्हा लिहिली जाते. तिच्यानंतर चालणारी autoexec.cfg वापरा आणि तिच्यात एवढंच ठेवा:

```
seta com_maxfps 125
seta r_swapInterval 0
seta cg_drawFPS 1
```

दुसरी ओळ विसरू नका. व्हीसिंक चालू राहिला तर 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर 125 कधी दिसणारच नाहीत. फसगतही इथेच होते: ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये व्हीसिंक सक्तीने चालू असेल तर गेममधली ओळ निरुपयोगी. म्हणून कॉन्फिग टाकली की काम झालं असं समजू नका. प्रत्येक मशिनवर नकाशात दोन मिनिटं फिरून कोपऱ्यातला आकडा बघा. 60 वर अडकला असेल तर ड्रायव्हरकडे जा. तो वरखाली होत असेल तर लॅपटॉपची वीजबचत आधी तपासा.

धागाकर्ता: दाखवायचं कसं ते राहिलं. आकडे ऐकून पोरं पेंगतील.

फ्रेममोजणी: q3dm13 वरची मेगाहेल्थची उडी. जुने खेळाडू ती 125 वरच साधायचे. शेजारीशेजारी दोन मशिनं लावा, एकावर com_maxfps 60, आणि क्लबातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला दोन्हीकडे मारायला सांगा. गणित त्यानंतर. आधी घरी करून बघा मात्र, ऐन भाषणात खेळाडूच चुकला तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

झपाटा: ठीक, आकड्यांचं पटलं. पण कोणी सामन्याच्या मध्ये कन्सोल उघडून 333 केलं तर?

फ्रेममोजणी: त्यासाठी सर्व्हरवर हे:

```
set pmove_fixed 1
set pmove_msec 8
```

मग हालचाल सगळ्यांची 8 मिलिसेकंदांच्या ठोक्यानेच मोजली जाते, एफपीएस काहीही असो.

पेनड्राइव्हवाला: आमच्याकडे हे लावल्यावर खेळ धक्के खात चालल्यासारखा वाटला आणि अनुभवी खेळाडूंनी ते बंद करायला लावलं. मी तरी अंतिम फेरीत लावणार नाही.

फ्रेममोजणी: एफपीएस 125 वर टिकून नसतील तर तसं जाणवतं. माझं मत, लावावं. फसवणुकीच्या संशयापेक्षा थोडे धक्के परवडले.

धागाकर्ता: दोन्ही लावून सरावात पोरांनाच विचारतो. पण उडी सारखी झाली तरी 144 वाल्याला समोरचा शत्रू जरा आधी दिसणारच ना?

फ्रेममोजणी: हो, ते कॉन्फिगने सुटत नाही. विंडोजमधून सगळे मॉनिटर 60 वर आणणं हा एक मार्ग.

झपाटा: चांगले मॉनिटर असून 60 वर खेळायचं? त्यापेक्षा दोन नकाशे खेळवा आणि मध्ये जागा बदला.

धागाकर्ता: जागा बदलली की माऊस, कीबोर्ड, हेडफोन सगळं उचलून न्यावं लागेल, वेळापत्रक कोलमडेल. कोणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? किती वेळ धरावा?