मदत हवी आहे: मराठी कथेतले राव, पंत, ताई, दादा हिंदीत कसे न्यायचे?

सुपारी_कात्रण: एका मराठी दीर्घकथेचा हिंदी अनुवाद करतेय. लिपी एकच, त्यामुळे नावं तशीच उचलून ठेवली तर चालतील असं वाटतं, पण मसुदा वाचणाऱ्या हिंदी मैत्रिणीने पहिल्याच पानावर विचारलं, ही सुलभाताई विनायकच्या मोठ्या काकांची बायको का? कथेत ती त्याची सख्खी मोठी बहीण आहे. त्याला घरात ती विनू म्हणते, धाकटे दादा म्हणतात, ऑफिसात तो विनायकराव आणि गावी म्हातारी माणसं नुसतं 'पंत' म्हणतात. कोण काय म्हणतं यावरच अर्धी कथा उभी आहे, सगळीकडे विनायक लिहिलं तर सगळं सपाट होईल. काय करू?

घाईत_आहे: एवढं काय त्यात, ताईचं दीदी, दादाचं भैया, राव आणि पंतचं जी. फाइंड रिप्लेस मारा, दोन मिनिटांचं काम.

ओसरीवरचा: ताई-दादाचं अर्धं बरोबर आहे. हिंदीत ताई म्हणजे ताऊची बायको आणि दादा म्हणजे आजोबा, म्हणून हाक मारताना दीदी आणि भैया हेच हवं. पण रिप्लेस मारू नका हो, कारण मराठीत ताई दोन प्रकारची असते. 'ताई, तू जेवलीस का' ही घरातली आणि 'ताई, तुम्ही बसा' ही बाहेरची. हिंदीत सख्ख्या बहिणीला 'दीदी, तू' बऱ्याच घरांत उद्धट वाटतं, तिथे 'दीदी, तुमने खाना खाया' करा, आणि बाहेरच्या ताईला आप. म्हणजे नुसता शब्द बदलून भागत नाही, सर्वनाम पण सरकतं.

आता खरी अडचण सांगतो. मराठीत 'सुलभाताईने चिठ्ठी वाचली' आणि 'सुलभाताईंनी चिठ्ठी वाचली' यात फक्त प्रत्ययाने कळतं बोलणारा जवळचा आहे की अंतर राखून आहे. हिंदीत दोन्हीकडे 'ने' आणि क्रियापद चिठ्ठीच्या मागे जातं, 'सुलभा ने चिट्ठी पढ़ी', त्यात आदर उरतच नाही. 'आईं', 'गईं' असं काही असेल तर आदर दिसतो, 'पढ़ी', 'लिखी', 'दी' मध्ये गायब. तेव्हा जिथे मूळात 'ताईंनी' आहे तिथे 'सुलभा जी ने' किंवा 'सुलभा दीदी ने' करा आणि जिथे 'ताईने' आहे तिथे जी घालू नका. मूळ कथेत 'ने' आणि 'नी' शोधून मसुद्याशी एकदा ताडून बघाच, तिथेच नाती सुटलेली सापडतील.

सुपारी_कात्रण: हे मला पूर्ण नवीन आहे!! 'सुलभाताईंनी पत्र वाचलं आणि विनायकरावांना दिलं' हे वाक्य आहे, ऑफिसातला कारकून सांगतोय. मग 'सुलभा जी ने चिट्ठी पढ़ी और विनायकराव को दे दी'? विनायकरावला पण जी लावू का?

ओसरीवरचा: वाक्य चांगलंय. राव हिंदी वाचकाला ओळखीचा आहे, जोडून लिहा, वर जी नको, दुहेरी होतं. सुटं 'विनायक राव' लिहिलं की वाचक राव आडनाव समजतो.

पासपोर्टवाला: माझा पण हाच प्रॉब्लेम, वडिलांच्या दाखल्यावर गणपतराव आणि आधारवर गणपत, भाषांतर करणारा म्हणतो राव काढून टाकतो. काढू देऊ का?

ओसरीवरचा: नका देऊ. दाखल्याच्या भाषांतरात जे कागदावर आहे तेच अक्षरशः आलं पाहिजे, राव काढला तर तो वेगळाच माणूस होतो. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत याचं प्रतिज्ञापत्र वेगळं करतात. पण हा धागा कथेचा आहे, तुमचा वेगळा काढा.

नदीकाठची: मला पंतांबद्दल बोलायचंय. हिंदीत पंत ऐकलं की सुमित्रानंदन पंत, गोविंद बल्लभ पंत, म्हणजे आडनावच डोक्यात येतं. इथे गावची म्हातारी नुसतं पंत म्हणतात त्यात जात पण आहे, राव कोणालाही लावतात, पंत बहुतेक ब्राह्मण पुरुषाला. 'पंडित जी' केलं तर जात कळेल पण तो पूजा सांगणारा वाटेल, आणि कथेत तो कारकुनी करणारा आहे. मी तर पंतच ठेवीन, पहिल्यांदा आलं की निवेदनातच 'गाँव के बड़े-बूढ़े उन्हें आदर से पंत कहते थे' एवढं घालीन.

ओसरीवरचा: ते 'आदर से' खटकतं मला. म्हातारे त्याला पोरगा असल्यापासून ओळखतात, त्यात थोडा टोमणा पण असू शकतो. मूळात पंत 'आले' आहे की 'आला'?

सुपारी_कात्रण: 'आले' आहे, पण एका ठिकाणी एक म्हातारा भांडणात 'पंत, तू गप बस' म्हणतो.

नदीकाठची: मग तिथे 'पंत, तू चुप रह' सरळ ठेव आणि बाकी सगळीकडे 'आए'. 'आदर से'बद्दल मला अजून पटलं नाहीये, तो परिच्छेद पूर्ण टाकशील का इथे?