मदत हवी आहे: ग्लिसरीनमध्ये पर्णरंध्रे मिटतात
नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतेय. लेकीचं बायोलॉजीचं प्रॅक्टिकल जवळ आलंय. ऱ्हिओचं पान तिरकं फाडून खालच्या जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा काढला, पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप तिरकी टेकवत सोडली. जांभळ्या पेशींमध्ये हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या सुरेख दिसल्या, रंध्रंही उघडी. रंगाची गरजच वाटली नाही. शाळेच्या पद्धतीनं सॅफ्रानिन आणि ग्लिसरीन वापरलं की मात्र रंध्रं मिटतात, जांभळा रस आकसतो. ग्लिसरीन पेशीतलं पाणी ओढतं, हे कळतं. पण स्लाइड वाळू न देता रंध्रं उघडी ठेवायची कशी? अन् आकृती काढताना स्लाइडवर दिसतंय तसं मिटलेलंच रंध्र काढायचं ना? प्रॅक्टिकल घेणाऱ्यांनी कृपया सांगा.