नव्या भूमिगत टाकीचं एस्टिमेट: बेसिस नोटवरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव: 1 लाख लिटरच्या टाकीचं एस्टिमेट वर टाकलंय. एकूण आकडा आहे, सोबत तो कशावरून काढला ते सांगणारी बेसिस नोटही आहे. सभेआधी जाणकारांनी नजर टाकावी.

बी-302: नोटमध्ये "परिमाणं ड्रॉइंगवरून" एवढंच लिहिलंय. कोणतं ड्रॉइंग, कोणत्या तारखेची आवृत्ती, ते नाही. काँक्रीट मी ताडून पाहिलं. आतून 8 × 5 मीटर, उंची 2.8 (पाणी 2.5), भिंती 250 मिमी, तळाचा स्लॅब म्हणजे राफ्ट 300, वरचा स्लॅब 200. राफ्ट चारही बाजूंनी 30 सेंमी बाहेर. साधारण 45 घनमीटर होतं, त्यांचाही तोच आकडा. तिथे अडचण नाही.

ए-104: स्टील 5.4 टन दाखवलंय, म्हणजे घनमीटरला बरोबर 120 किलो. हा थंबरूल आहे, प्रत्येक सळीची लांबी-वजन मांडणारं बार बेंडिंग शेड्यूल झालेलं नाही. पाणी धरणाऱ्या भिंतींना तडे रोखायला सळ्या जवळजवळ लागतात. डिझाइनमध्ये 150 किलो निघालं, तर 6.75 टन होईल. 120 धरायला हरकत नाही, पण तो "गृहीत" आहे असं नोटमध्ये लिहायला हवं.

बी-302: बरोबर. त्याहून मोठी गोष्ट खोदाईची आहे. 244 घनमीटर धरलीय. राफ्टभोवती अर्धा मीटर जागा सोडून 10.1 × 7.1, खोली 3.4, असा गुणाकार केला की तेवढीच येते. म्हणजे खड्ड्याच्या बाजू सरळ उभ्या. इतक्या खोलीवर त्या आधाराशिवाय उभ्या राहतील असं धरून चालत नाही. उतार 1:1 दिला, तर तीच खोदाई 495 घनमीटर होते.

सी-501: दुप्पट! आणि उतारासाठी चारही बाजूंना 3.4 मीटर जागा लागेल. पार्किंगच्या बाजूला तेवढी नाही काका.

बी-302: नाहीच ना ताई. मग खड्ड्याच्या बाजूंना आधार, म्हणजे शोअरिंग करावं लागेल. पण शोअरिंगचा आयटम एस्टिमेटमध्ये नाही आणि न धरलेल्या बाबींतही नाही. दोन्हीकडे नसलेली गोष्ट पुढे "एक्स्ट्रा आयटम" म्हणून येते आणि तिचा दर काम सुरू झाल्यावर ठरतो.

खजिनदार: त्यासाठीच कॉन्टिन्जन्सी ठेवतात ना? सरसकट 5 टक्के आहे.

ए-104: नाही सर. शोअरिंग लागणार हे आज दिसतंय, ते मूळ खर्चातच यायला हवं. कॉन्टिन्जन्सी ठरलेल्या कामातल्या अनिश्चिततेसाठी असते. काम वाढवलं किंवा भाव वाढले, तर तो खर्च तिच्यातून करायचा नसतो. टक्का बाबीनुसार ठरवा. समजा शोअरिंग धरून मूळ खर्च 100:
खोदाई 20, त्यावर 20% = 4
काँक्रीट-स्टील 45, त्यावर 8% = 3.6
पंप-पाइप 25, त्यावर 5% = 1.25
वॉटरप्रूफिंग 10, त्यावर 10% = 1
बेरीज 9.85, म्हणजे जवळपास 10. हे टक्के माझा अंदाज आहे. माती तपासली की खोदाईचा टक्का उतरेल.

खजिनदार: आणि भाववाढ वेगळी?

ए-104: हो. नोटमध्ये दरांची आधार तारीख लिहा. समजा काम त्या तारखेपासून 10 महिन्यांनी सुरू होऊन 6 महिने चाललं, तर खर्चाचा मध्य 13 महिन्यांवर येतो. वर्षाला 6% धरले, तर वाढ 6.5%. ती 110 वर लावा: 7.2. एकूण 117. पूर्ण 16 महिन्यांची वाढ लावली तर आकडा फुगतो, कारण सगळे पैसे शेवटच्या दिवशी जात नाहीत. पंपाचं कोटेशन डिलिव्हरीपर्यंत पक्कं असेल, तर तेवढ्या रकमेवर भाववाढ लावायची नाही. नुसती 60 दिवसांची मुदत असेल, तर लावायची.

सी-501: न धरलेल्या बाबींत "भूजल उपसा" आहे. त्याचा अर्थ फक्त पंप लावून पाणी काढणं एवढाच का?

बी-302: इथे नीट बघा. भूजल जमिनीपर्यंत चढलं, तर टाकी साधारण 157 घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे 157 टन वर ढकलणारा जोर. रिकाम्या टाकीचं वजन सुमारे 112 टन. राफ्टच्या बाहेर आलेल्या कडेवरच्या मातीचे आणखी 25 टन धरले, तरी कमीच पडतात. धुण्यासाठी रिकामी केलेली टाकी उचलली जाऊ शकते. उपाय म्हणजे जाड राफ्ट किंवा आणखी बाहेर काढलेली कड. दोन्हींत काँक्रीट आणि खोदाई वाढते. म्हणून नुसतं "उपसा वगळला" पुरत नाही. डिझाइनला कोणती भूजल पातळी धरलीय, ते गृहीतकांत हवं.

सचिव: पातळी कळणार कशी?

बी-302: दोन कोपऱ्यांत 5 मीटरपर्यंत बोअर घ्यायचे. एकात जाळीचा पाइप ठेवून पावसाळ्यात दर आठवड्याला पातळी मोजायची. एका कोरड्या महिन्यातल्या मोजणीवर विसंबू नये. खडक किती खोलीवर लागतो, तेही त्याच बोअरमध्ये दिसेल.

सचिव: ठीक. सल्लागारांना ड्रॉइंग नंबर, शोअरिंगचा आयटम, स्टीलचं गृहीतक, दरांची आधार तारीख आणि भूजल पातळी विचारतो. बोअरचा खर्च वेगळा मंजुरीला ठेवतो.

सी-501: टाकी जोडताना जुनी लाइन किती तास बंद राहील आणि तेव्हाचं पाणी कोण पुरवणार, तेही विचारा. एस्टिमेटमध्ये ते कुठेच नाही.