मदत हवी आहे: २४०० तास असूनही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा रेझ्युमे छाननीतच बाद होतोय

निळीवही
मंडळी, घाईत लिहितेय, परवा रात्री अर्जाची मुदत संपतेय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागा आहे. अशाच दोन जागांवरून मुलाखतीआधीच नकार आला, कारण कोणी सांगत नाही. माझे सुपरविजनखालचे २४०० तास झालेत, लायसन्स आहे, सीबीटी, डीबीटी, एसीटी, ईएमडीआर, माइंडफुलनेस सगळं लिहिलंय. मग कुठे अडतंय? कोणी नीट बघून सांगेल का प्लीज.

वाटसरू
जाहिरातीत नेमकं काय मागितलंय ते टाका आधी. त्याशिवाय कोण काय सांगणार?

सोनचाफा
दोन पानांचा रेझ्युमे असेल तर एक पान करा. माझ्या भाच्याने आयटीमध्ये तेच केलं, लगेच कॉल आला. फोटोही काढून टाका.

निळीवही
फोटो नाहीये. जाहिरातीतलं देते: "वैध परवाना. सुपरविजनखाली किमान २००० तास, त्यातले १००० थेट क्लायंटसोबत. १३ ते १८ वयोगट, स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसोबत काम केलेलं हवं. डीबीटीचा अनुभव." माझ्या रेझ्युमेत "२४००+ तास सुपरवाइज्ड अनुभव, विविध वयोगट" असं आहे.

जुनी_खुर्ची
मी आमच्या विभागात आलेले अर्ज चाळायला बसते, म्हणून सांगते. चाळणाऱ्याच्या पुढ्यात जाहिरातीतल्या अटींचा कागद असतो आणि एकेका अटीपुढे टिक करायची असते. तुमच्या "२४००+" वर मला १००० ची टिक करताच येत नाही, त्यातले थेट किती ते लिहिलेलंच नाही. "विविध वयोगट" वर १३ ते १८ ची टिक होत नाही. फोन करून विचारायला कोणाला वेळ नसतो, अर्ज बाजूला जातो. दोन गोष्टी सांगा: २४०० ची फोड काय, आणि लायसन्स कुठल्या प्रकारचं?

निळीवही
लॉग काढला. थेट १२६०, सुपरविजन १३०, बाकी १०१० नोट्स, मीटिंग, ट्रेनिंग. थेटमध्ये वैयक्तिक ७८०, ग्रुप २५०, कुटुंबासोबत ९०, टेस्टिंगचे रिपोर्ट १४०.
लायसन्स सुपरवाइज्ड प्रॅक्टिसचं आहे, पूर्ण परवान्याचा अर्ज गेलाय. महिन्या-दोन महिन्यांत येईलच.

पारिजात
मग सरळ "लायसन्स्ड" लिहा ना, जॉइन होईपर्यंत हातात येईल. सगळे तसंच करतात.

जुनी_खुर्ची
पारिजात, हे अजिबात करू नका कोणी. परवाना देणाऱ्या मंडळाच्या नोंदवहीत नाव टाकलं की प्रकार लगेच दिसतो, आणि मग खोटी माहिती दिली म्हणून मंडळाकडे तक्रार जाऊ शकते, म्हणजे येणारा परवानाही लटकला. निळीवही, पहिल्या पानावर नावाखालीच लिहा: परवान्याचा प्रकार, क्रमांक, कधीपर्यंत वैध, आणि "पूर्ण परवान्याचा अर्ज अमुक तारखेला दाखल, निर्णय प्रलंबित". जाहिरातीत "वैध परवाना" एवढंच आहे, स्वतंत्र प्रॅक्टिसचाच हवा असं नाही. त्यांना एक ईमेल टाकून हे आजच विचारा.

पारिजात
ठीक, ते मागे घेते. पण रिपोर्टचे १४० थेटमध्ये बसत नाहीत एवढं नक्की. टेस्टिंग कुठलंच बसत नाही.

जुनी_खुर्ची
अर्धं बरोबर. मुलासमोर बसून टेस्ट घेतली तो वेळ बरीच मंडळं थेट धरतात. स्कोअरिंग आणि रिपोर्ट लिहिणं नाही धरत.

निळीवही
हे १४० स्कोअरिंग आणि लिहिण्याचेच आहेत. काढते. म्हणजे थेट ११२०. तरी १००० च्या वरच!

वाटसरू
एक विचारू? ते ७८० तास आहेत की ७८० सेशन?

निळीवही
सेशन. प्रत्येक सेशन एक तास धरलाय. सेशन ५० मिनिटांचं.

वाटसरू
मग घड्याळाने मोजलं तर ७८० गुणिले ५० म्हणजे ३९,००० मिनिटं, ते झाले ६५० तास. त्यात ग्रुपचे २५० आणि कुटुंबाचे ९० मिळवले तर ९९०. दहा तास कमी.

निळीवही
अरे देवा. पोटात गोळा आला. एकूण २००० चं काय मग?

वाटसरू
१४० दुसऱ्या रकान्यात गेले आणि सेशनचे १३० कमी झाले, तर एकूण २२७० राहतात. तिथे अडचण नाही.

पारिजात
५० मिनिटं म्हणजे एक क्लिनिकल तास, सगळीकडे तसंच धरतात. घाबरवू नका तिला.

वाटसरू
सगळीकडे नाही. आमच्याकडे मिनिटांत लॉग भरायला लावत होते. क्लायंट आला नाही तर तो तासही कापत होते, आपण रिकाम्या खुर्चीसमोर बसलो असलो तरी.

जुनी_खुर्ची
दोघांचंही आपापल्या ठिकाणी खरं आहे, हा नियम मंडळागणिक बदलतो. परवान्याच्या अर्जासोबत लॉगचा जो फॉर्म दिला असेल त्याच्या सूचनांमध्ये तास कसा धरायचा ते सहसा असतं, तिथे बघा. रेझ्युमेत आकड्यासोबत मोजण्याची पद्धतही लिहा: "वैयक्तिक ७८० सेशन, प्रत्येकी ५० मिनिटं". उघड लिहिलेला आकडा सुपरवायझरच्या सहीच्या कागदाशी जुळतो. न जुळणारा गोल आकडा दिसला की माझी तरी बाकीच्या ओळींवरही शंका जाते. आणि न आलेल्या क्लायंटचे तास ७८० मध्ये आहेत का तेही तपासा.

मोरपंखी
मी शाळेत समुपदेशक आहे, आठ वर्षं. माझ्या मुलांशी बोलण्याच्या तासांवर कोणाची सही नाही. मला अशा जागेला अर्ज करता येईल का?

जुनी_खुर्ची
मोरपंखी, सुपरविजन नसेल तर ते तास या अटीत धरता येत नाहीत, अनुभव म्हणून जरूर लिहा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.
निळीवही, डीबीटीचं काय केलंय नेमकं?

निळीवही
दोन दिवसांचं वर्कशॉप. आणि ग्रुपचे २५० तास आहेत ना, ते जवळजवळ सगळे मुलांच्या स्किल्स ग्रुपचे, सीनियरसोबत मिळून घेतलेले. आईवडीलही बसायचे त्यात.

जुनी_खुर्ची
अहो, हीच तर तुमची सगळ्यात भक्कम ओळ, आणि ती पाच थेरपींच्या यादीत बुडवलीत! पूर्ण डीबीटीत वैयक्तिक थेरपी, स्किल्स ग्रुप, मधल्या काळात फोनवर कोचिंग आणि थेरपिस्टांची सल्लामसलतीची टीम असं चारही असतं. तुम्ही एक भाग केलाय, तेवढाच लिहा: "किशोरवयीन व पालकांचा डीबीटी स्किल्स ग्रुप, सहसंचालक". आईवडिलांना सोबत बसवणं ही किशोरवयीनांच्या डीबीटीची खूणच आहे, वाचणाऱ्याला लगेच कळतं. ईएमडीआरचं ट्रेनिंग झालंय?

निळीवही
नाही, एक वेबिनार.

जुनी_खुर्ची
मग ते उडवा. मुलाखतीत एखाद्या ट्रॉमा केसमध्ये कुठल्या टप्प्यावर काय केलंत विचारलं तर अडकाल, आणि ही जाहिरात ते मागतही नाहीये.

सोनचाफा
एवढा त्रास घेण्यापेक्षा स्वतःचं क्लिनिक का नाही टाकत?

निळीवही
सोनचाफा, पूर्ण परवाना आल्याशिवाय ते करता येत नाही मला.
आत्ता हे लिहिलंय, बघा: "१३ ते १८ वयोगट, मुख्यतः स्वतःला इजा करणारी मुलं. प्रत्येक केसमध्ये जोखीम तपासणी आणि कुटुंबासोबत सुरक्षा योजना." एका मुलीबद्दल दोन ओळी घालू का, काम खूप चांगलं झालं होतं तिच्यासोबत.

वाटसरू
नको. वय, इजेचा प्रकार, शाळा एवढ्यावरूनही ओळखू येते. वरचं पुरेसं आहे.

निळीवही
काढलं. न आलेल्यांची सेशन लॉगमध्ये "अनुपस्थित" म्हणून वेगळीच आहेत, ७८० मध्ये नाहीत, तेवढा तरी जीव भांड्यात पडला. ५० मिनिटांचं मात्र फॉर्मवर सापडत नाहीये, "तास" एवढंच छापलंय. शेवटच्या सहीनंतरची १८ सेशन आहेत, म्हणजे घड्याळाने १५ तास, पण त्यावर सही नाहीये. सुपरवायझरना मेसेज टाकलाय, उद्या सकाळी भेटा म्हणाल्यात. भेटून आले की लिहिते.